तेलाखालचा लसूण

दुबईच्या करामा वस्तीत उल्हास पाठारे गप्प बसलेला कोणी पाहिला नव्हता. शारजाच्या औद्योगिक भागात ट्रकच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं, तिथला काउंटर तो सांभाळायचा. गिऱ्हाइकाला क्लच प्लेट हवी असली, तर आधी त्याच्या गावचं पीकपाणी, मग मुलांची लग्नं आणि शेवटी क्लच प्लेट. लोक घाईत यायचे आणि चहा पिऊन जायचे. घरी आला तरी तोंडाचा पट्टा चालूच. बायको, सुनेत्रा, कानाला हात लावून म्हणायची, "अहो, जिभेला जरा सुट्टी द्या."

"जिभेला हाड नसतं बाई," तो म्हणायचा. "ती दुखणार कुठून?"

ही गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली, अठ्ठ्याण्णव सालातली. शाळा बंद झाल्या की दुबईतली मराठी घरं निम्मी रिकामी व्हायची. बायकामुलं देशात आणि नवरे इथे, दहीभात खात. सुनेत्रा सहा वर्षांच्या अस्मीला घेऊन पेणला माहेरी गेली. जाताना फ्रीजर डब्यांनी भरून गेली होती, पण उल्हासला स्वतःच्या हाताचा भारी अभिमान. एका शुक्रवारी त्याने टीव्हीसमोर पसरून ढीगभर लसूण सोलला. सुनेत्रा घालायची तसं लोणचं घालायचं त्याच्या मनात होतं.

सुनेत्राच्या लोणच्यात लसूण लिंबाच्या रसात बुडालेला असे, मीठ सढळ हाताने असे आणि सगळ्यावर तेल. पण डॉक्टरांनी ब्लडप्रेशरसाठी मीठ तोडलं होतं आणि लिंबाने त्याला ॲसिडिटी व्हायची. मग उल्हासने दोन्ही वगळलं. कच्चा लसूण, मूठभर ओला कढीपत्ता, कोथिंबिरीच्या काड्या, आणि वर काठोकाठ तेल. लोणच्याच्या डोक्यावर तेल असलं की ते टिकतं, एवढं तर कोकणातलं शेंबडं पोरही जाणतं. तेलाखाली शिरायला कुठल्या जंतूची माय व्यालीय, असं मोठ्याने म्हणून त्याने बरणीचं झाकण घट्ट फिरवलं.

बरणी गॅसशेजारच्या फळीवर राहिली. एसी होता तो झोपायच्या खोलीत. स्वयंपाकघरात जुलैची गरमी दिवसरात्र कोंडलेली असायची.

आता गंमत बघा. नासलेलं अन्न ओळखू येतं, बिचारं तेवढं इमान राखतं. त्याला बुरशी येते, फेस येतो, नाकाला झोंबतं. या बरणीत तसं काहीच झालं नाही. तेल नितळ, पाकळ्या मोत्यासारख्या, आणि झाकण उघडलं की तोंडाला पाणी सुटावं असा घमघमाट. दिवसागणिक ती अधिकच देखणी होत गेली. उल्हास खुबूसवर, म्हणजे तिथल्या अरबी रोटीवर, आणि दहीभातावर ते कच्चंच ओतून घ्यायचा. शेजारच्या हैदराबादी रुकय्याभाभींनाही त्याने वाटीभर दिलं, आणि अस्मीला फोनवर सांगितलं, "बाबाने लसणीचं तेल केलंय. आलीस की गरम भातावर."

"सेव्ह सम फॉर मी, बाबा," ती म्हणाली.

मग एका सकाळी काउंटरवर एका पठाणाचे दोन पठाण झाले. एकाच्या खांद्यावर दुसरा, जरासा तिरका. उल्हास हसला, डोळे चोळले. पठाण दोनच राहिले. दुपारपर्यंत तोंड कोरडं ठाक पडलं. पाणी प्यायला गेला तर घोट घशाखाली उतरेना, नाकातून परत आला. संध्याकाळी सुनेत्राचा फोन आला तेव्हा त्याच्या तोंडून शब्दांचा नुसता काला बाहेर पडला.

"काय हो, घेतलीय की काय?" ती आधी हसली. त्याने जन्मात थेंब घेतला नव्हता हे तिला ठाऊक होतं. तो पुन्हा बोलायला गेला आणि तिचं हसू थांबलं. फोन ठेवला तो तिने तिकिटासाठी धावपळ करायलाच.

दुसऱ्या दिवशी रुकय्याभाभी वाटी परत करायला आल्या. दार उघडलं तर उल्हास मान मागे टाकून उभा, झाकलेल्या पापण्यांखालच्या बारीकशा फटीतून त्यांच्याकडे बघत. "भाईसाब, आप सो रहे हैं क्या?" त्यांनी विचारलं. त्याने बोटाने एक पापणी वर उचलली आणि आतून तो त्यांच्याकडे टक लावून बघू लागला. भाभी किंचाळल्या. त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने त्याला टॅक्सीत घातलं. हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत मान सावरेना, मग खांदे गेले, मग छाती वर उचलेना. ते जे काही होतं ते डोक्याकडून खाली उतरत होतं, घरातले दिवे कोणी एकेक करून मालवत जावं तसं. रात्र पडायच्या आत त्याच्या घशात नळी होती आणि यंत्र त्याच्यासाठी श्वास घेत होतं.

आणि उल्हास टक्क जागा होता.

हे कोणाच्या लक्षात येईना. पापण्या मिटलेल्या, हातपाय सैल, चेहरा कोऱ्या भिंतीसारखा. येणारे जाणारे त्याला बेशुद्ध समजून त्याच्या अंगावरून बोलत. कोणीतरी म्हणालं, "हा काही आता उठत नाही." तो आतून ओरडला. ओरडणं आतच घुमलं. आयुष्यभर बोललेला माणूस स्वतःच्या देहात कुलूपबंद पडला होता, आणि बाहेरून दार ठोठावावं असं कोणालाही सुचत नव्हतं.

ठोठावलं ते डॉक्टर राजन यांनी. त्यांनी त्याची पापणी अंगठ्याने वर केली आणि आत बघत विचारलं, "उल्हास, सुन रहे हो? उंगली हिलाओ." उजव्या हाताचं एक बोट किंचित हललं. तेवढंच त्याच्याकडे उरलं होतं. एकदा हललं तर हो, दोनदा तर नाही, असं ठरलं.

सुनेत्रा विमानतळावरून थेट आली होती. डॉक्टर तिला म्हणाले, "ताप नहीं, होश पूरा है, और लकवा दोनों साइड बराबर ऊपर से नीचे जा रहा है. मुझे बॉट्युलिझम लगता है. खाने का ज़हर. दवा बाहर से मँगवाई है, लेकिन चीज़ ढूँढनी पड़ेगी. टिन का कुछ खाया? बंद बोतल का? मछली?"

"नाही हो डॉक्टर. टिनचं आमच्याकडे येतच नाही. सब घर का खाना," सुनेत्रा म्हणाली.

"मिट्टी में होता है इसका बीज. उबालने से भी नहीं मरता. जहाँ हवा न पहुँचे, खटाई न हो, नमक न हो, और गरमी हो, वहाँ जागता है. न बास, न स्वाद."

मिटल्या पापण्यांमागे उल्हासला ती बरणी दिसली. मातीतून आलेला लसूण, वर तेलाचं झाकण, आणि तेलाखाली हवेचा कण नाही. तेलाने जंतूला अडवलं नव्हतं. त्याला हवं तसं घर बांधून दिलं होतं, आणि राखण करणारे मीठ नि लिंबू उल्हासने आपल्या हाताने दाराबाहेर काढले होते.

डॉक्टर गेले. सुनेत्रा त्याचा हात हातात घेऊन बसली, आणि त्याचं मन रमावं म्हणून इकडचं तिकडचं बोलू लागली. पेणचा पाऊस, आईचे गुडघे. "अस्मीला भाभी इथूनच घेऊन गेल्या. संध्याकाळी घरी नेते. वरणभात टाकीन. सारखी विचारतेय, बाबाचं लसणीचं तेल कुठाय म्हणून."

बोट हललं. हललं, पुन्हा हललं, चादर ओरबाडू लागलं.

"हो, हो. देते तिला," सुनेत्रा म्हणाली. "भाभी म्हणत होत्या फार छान झालंय. त्यांनी डाळीत घालून उकळलं, सगळ्यांनी खाल्लं." तिने ते बोट आपल्या मुठीत घेऊन कुरवाळलं. मग उठली आणि गेली.

त्यानंतरची रात्र उल्हासने कशी काढली ते विचारू नका. यंत्र फुसफुसत होतं, छाती वर उचलत होतं, खाली ठेवत होतं, आणि त्याला गरम भाताच्या वाफेत लेकीचं तोंड दिसत होतं. तेलाने चकाकणारे तिचे ओठ दिसत होते. आपल्या लाडक्या पोरीला आपणच ताट वाढलंय आणि हात धरता येत नाही, यापरता नरक नाही. भीती त्याला पूर्ण कळत होती. रडताही येत नव्हतं.

सकाळी ओळखीची पावलं आली. एका अंगठ्याने त्याची पापणी वर केली. दोन सुनेत्रा, एकीवर एक, चारी डोळे रडून लाल.

"बरणी माझ्या पिशवीत आहे," ती म्हणाली. "पिशवीत घालून, तोंड बांधून आणलीय. अस्मीने खाल्लं नाही. मीही नाही."

ती खुर्चीवर बसली. "चमचा भरला होता हो. भातावर धरला होता. आणि तुमचं बोट आठवलं. आईचे गुडघे सांगत होते तेव्हा ते पडून होतं. लसणीचं नाव काढलं की धडपडत होतं. इतकी वर्षं तुमची बडबड ऐकतेय मी. तुम्ही ओरडताय हे मला कळणार नाही?"

मग तिने विचारलं, "मीठ घातलं होतंत?" दोनदा. "लिंबू?" दोनदा.

बरणी डॉक्टरांनी ताब्यात घेतली. प्रयोगशाळेचं उत्तर आलं ते तेच. भाभींच्या घरातल्या सगळ्यांना तपासलं. त्यांना काही झालं नव्हतं. खळखळ उकळल्याने बीज मरत नाही, पण तयार झालेलं विष मरतं, आणि त्यांची डाळ बराच वेळ उकळली होती. उल्हासने कच्चं खाल्लं होतं. सुनेत्राने डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. ते म्हणाले, तेलात कच्चा लसूण किंवा ओला पाला घालायचाच तर थोडा घाला, लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. जास्त दिवस हवं तर फ्रीजरमध्ये गोठवा. लोणच्यात आंबट पुरेपूर हवं, अंदाजपंचे कमी केलं की खेळ खलास. आणि बाहेर राहिलेलं चाखून बघू नका, थेट फेकून द्या.

बाहेरून आलेल्या औषधाने विष पुढे सरकायचं थांबलं, पण मालवलेले दिवे आपापल्या सवडीने लागले. आधी मान, मग हात. नळी निघाली तेव्हा उन्हाळा सरला होता. पहिला शब्द तो "अस्मी" म्हणाला, आणि तो इतका बोबडा होता की फक्त सुनेत्राला कळला.

उल्हास पुन्हा काउंटरवर उभा राहिला, पुन्हा पीकपाणी विचारू लागला. शुक्रवारी लसूणही सोलतो. तेलात वाटून त्याच्या वड्या बर्फाच्या ट्रेमध्ये फ्रीजरमध्ये जातात, आणि लोणचं सुनेत्रा घालते, तो तिकडे फिरकतही नाही.

एकच गोष्ट अजून गेलेली नाही. दुपारी तो लवंडला की अस्मी पाय न वाजवता येते, त्याच्या उशाशी बसते आणि चिमुकल्या अंगठ्याने त्याची पापणी वर उचलते.

"बाबा, आर यू इन देअर?"

"आहे गं," तो म्हणतो. कितीही गाढ झोपेत असला तरी लगेच म्हणतो. ती मात्र पापणी सोडत नाही. त्याने आणखी काहीतरी बोलावं म्हणून वाट बघत राहते, आणि तो बोलत राहतो.