सर्व्हरच्या डोक्यावर फोडलेलं खापर

खोटं बोलणारा माणूस मी एक वेळ सोसते. पण सगळ्यांसमोर हिंदीत खोटं बोलायचं आणि नंतर माझ्या टेबलापाशी येऊन मराठीत गोड बोलायचं, हे मला खपत नाही. इकडे हिंदी मुलखात, आमच्या ओमतीच्या ऑफिसात आम्ही दोघंच मराठी. तो सीनियर, अ‍ॅप बनवायचा. मी सर्व्हर सांभाळायची आणि माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती.

अ‍ॅप कमानिया गेटजवळच्या एका साड्यांच्या ठोक व्यापाऱ्याचं होतं. त्याचा माणूस शहपुऱ्याकडच्या दुकानांत फिरून फोनवर साड्या दाखवायचा. तिकडे रेंजचा भरवसा नाही, म्हणून निघण्याआधीच सगळे फोटो फोनमध्ये उतरवून घ्यायचा. अ‍ॅप नीट उघडायचं, ऑर्डरही घ्यायचं. लांबलचक यादी बोटाने खाली सरकवली की मात्र ठप्प. गिऱ्हाईक उठून जायचं, असं व्यापारी सांगायचा.

सीनियरने काही न बघताच मालकाला सांगून टाकलं, "सर्वर स्लो है सर, मैडम की साइड का है." मालक मला म्हणाले, "मैडम, ये ठीक नहीं हुआ तो आपके कन्फर्मेशन का देखना पड़ेगा." माझ्या अंगाची लाही लाही झाली. घरी बाबा रिटायर, भावाचं शिक्षण चालू. माझं काय देखना पड़ेगा?

मी सर्व्हरची नोंद काढली. यादी सरकत असताना अ‍ॅप सर्व्हरकडे काही मागतच नव्हतं. हे त्याला दाखवायला गेले तर म्हणतो, "काहून डोकं खाऊन राहिली? मला शिकवून राहिली का तू?"

मग एक दिवस व्यापारी स्वतःच आला आणि फोन टेबलावर आपटला. मालकासमोर सीनियरने पुन्हा तीच टेप वाजवली. मी तो फोन उचलला, वरच्या पट्टीतलं विमानाचं बटण दाबलं आणि यादी सरकवली. बोट पुढे गेलं, साड्या जागच्या जागी. मग एकदम उडी मारून खाली आल्या.

"सेठजी, नेट बंद है," मी म्हटलं. "सर्वर तो अब है ही नहीं. अब स्लो कौन है?"

सीनियर खिडकीबाहेर बघू लागला. मालकांनी त्याला लगेच कामाला लावलं. ऑफिसच्या फोनमध्ये व्यापाऱ्याची अख्खी यादी भरली, फोन कॉम्प्युटरला जोडला आणि अ‍ॅपचा वेळ कुठे जातोय ते पडद्यावर आलं. मुख्य थ्रेड, म्हणजे अ‍ॅपमधला पडदा रंगवणारा आणि बोटाकडे लक्ष ठेवणारा कामाचा धागा, प्रत्येक नवी ओळ आली की स्वतःच फोटो उघडत बसला होता. तोही कॅमेऱ्याने काढलेला पूर्ण आकाराचा, चौकट बघावी तर काडेपेटीएवढी. फोटो उघडेपर्यंत पडदा हलणार कसा? हे काम पडद्यामागच्या वेगळ्या थ्रेडवर, फोटो लहान करून व्हायला हवं होतं.

आधी ते तिथेच होतं. पण यादीत वर गेलेली ओळच खालून नव्या साडीसाठी परत वापरतात. जुन्या साडीचा फोटो उशिरा उघडला की नव्या नावावर जाऊन बसायचा, लाल साडीच्या नावावर हिरवी दिसायची. तेव्हा व्यापारी भडकला होता. उपाय सोपा होता, ओळ बदलली की जुन्या फोटोचं काम रद्द करायचं. या सीनियरने काय केलं, सगळं काम मुख्य थ्रेडवर आणून ठेवलं. फोटो उघडल्याशिवाय ओळ पुढे जाणारच नाही, मग चुकीचा फोटो दिसणार कुठून? त्याची शाबासकीही घेतली. ऑफिसातल्या यादीत साड्या मोजक्या आणि फोटो चिमुकले, म्हणून इथे कधी काही अडकलंच नाही.

संध्याकाळी तो माझ्या टेबलापाशी आला. आवाज अगदी मऊ. "अगं, आपण घरचीच माणसं. सरांना सांग ना, व्यापाऱ्याचा फोनच हलका आहे म्हणून. मी तुझ्या कन्फर्मेशनचं बोलतो."

मला आईशपथ संताप आला. माझीच भाकरी हिसकावून त्यातला तुकडा मला देऊ करत होता. मालक दारातच उभे होते.

"भैया," मी मोठ्याने म्हटलं, "जो बोलना है हिंदी में बोलिए. सर को भी समझना चाहिए."

मालकांनी त्याला आत बोलावून चूक कुणाची ते विचारून घेतलं. काही दिवसांत मला पक्कं केल्याचं पत्र मिळालं. तो अजून तिथेच आहे, समोरच्या खुर्चीत, आणि माझ्याशी फक्त हिंदीत बोलतो. ऑफिसात मराठीत बोलायला मला आता कुणीच नाही. नसू दे.