पन्नास टाकून बघा

मुलाखत सातारच्या एका कॉलेजात होती, तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाच्या जागेसाठी. वडूजहून पहाटेच्या एसटीनं आम्ही दोघं निघालो, मी आणि माझे सासरे. नवरा सैन्यात, तेव्हा पंजाबात होता. सासरेही सैन्यातूनच निवृत्त झालेले. घरात सगळे त्यांना आण्णा म्हणत, मीही म्हणायची.

त्या दिवशी मला किती भीती वाटत होती हे आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. एमएस्सी कॉम्प्युटर मी सांगलीत केलं, मार्क चांगले पडले, तिथल्या मैत्रिणींना मीच शिकवायची. पण समोर खुर्च्या मांडून अनोळखी माणसं बसली की माझा घसा बंद व्हायचा. लग्नाआधी सांगलीतच एका कॉलेजात मुलाखतीला गेले होते. तिथं नाव सांगितलं, पुढचं एकही वाक्य आलं नाही, आणि मी 'पाणी पिऊन येते' म्हणून बाहेर पडले ती थेट एसटी स्टँडवर गेले. त्यानंतर अर्ज करायचंच सोडून दिलं होतं. आण्णांना हे ठाऊक होतं, तरी हा अर्ज त्यांनीच भरायला लावला.

कॉलेजच्या फाटकाशी ते म्हणाले, "जा. मी हितंच हाय, ह्या झाडाखाली."

"आण्णा, मला नाही जमणार. आपण जाऊया परत."

"आगं, आत काय गोळ्या झाडत्यात व्हय? पोरंच हायती. जा तू."

मुलाखतीच्या आधी डेमो लेक्चर होतं. म्हणजे खऱ्या वर्गावर वीसेक मिनिटं शिकवायचं, आणि मागच्या बाकावर निवड समिती बसणार. समितीत तिघं होते. प्राचार्य, ते अर्थशास्त्राचे. विभागप्रमुख. आणि बाहेरून आलेल्या विषयतज्ज्ञ, करड्या केसांच्या, मान खाली घालून पेनाचं टोपण उघडझाप करणाऱ्या एक मॅडम. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्यांचीच वाटत होती.

विषय मीच निवडला होता, रिकर्शन. एखादं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, स्वतःलाच हाक मारतं, ते कसं. उदाहरण फिबोनाची, कारण ते पाठ होतं. शून्य, एक, आणि पुढची प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज. एक, दोन, तीन, पाच, आठ. प्रोग्राम चार-पाच ओळींचा. संख्या शून्य किंवा एक असेल तर तीच परत द्यायची, नाहीतर स्वतःलाच दोनदा विचारायचं, आधीची किती आणि तिच्या आधीची किती, आणि बेरीज करायची. घरी मी तो दहापर्यंत चालवून बघितला होता. त्यापुढं जायचं सुचलंच नव्हतं.

सुरुवात बरी झाली. आवाज कापत होता, पण येत होता. प्रोग्राम पडद्यावर लिहिला, दहा टाकले, पंचावन्न आले. मुलं गप्प बसून बघत होती. वीस टाकले, उत्तर लगेच आलं. तीस टाकले तेव्हा जरासा दम घेतल्यासारखं झालं आणि मग उत्तर आलं. तो दम माझ्या लक्षात आला होता. का, याचा विचार करण्याइतकं डोकं मात्र ताळ्यावर नव्हतं.

तेवढ्यात प्राचार्य मागून खुशीत म्हणाले, "छान. जरा मोठा आकडा होऊ द्या की. पन्नास टाकून बघा."

मी पन्नास टाकले. एंटर मारलं.

काहीच झालं नाही.

कर्सर खालच्या ओळीत जाऊन लुकलुकत राहिला. मी मुलांकडे बघून हसले, मुलंही हसली. पुन्हा पडद्याकडे बघितलं. तसाच. टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा घरघरायला लागला, आधी हळू, मग असा की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू यावा. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हँग झालं काय?"

"नाही, नाही. येईल."

येईल म्हणाले खरी, पण कधी? माझे तळहात गार पडले. साडीच्या पदराला पुसले तरी पुन्हा ओले. कानात पंखा, त्याच्यावर माझंच काळीज. मनात एकच मागणं, लाईट जाऊ दे. वडूजला रोज जाते, इथं आत्ता एकदा जाऊ दे. मशीन बंद पडेल, सगळे हसतील, आणि मला घरी जाता येईल. लाईट गेली नाही. तज्ज्ञ मॅडमनी टोपण लावलं आणि पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं. दार माझ्या डाव्या हाताला होतं, उघडंच. पाणी पिऊन येते, हे शब्द जिभेवर आले होते.

ते का बोलले नाही, मला आजही नीट सांगता येत नाही. झाडाखाली आण्णा बसले होते, हे एक. बाहेर पडले असते तर त्यांच्यासमोरूनच जावं लागलं असतं.

मी प्रोग्राम मध्येच थांबवला. पडद्यावर लाल अक्षरांचा ढीग पडला. वर्गात खसखस पिकली. खरं तर यावरचा उपाय मी परीक्षेत लिहिलेला होता, त्याचं नावसुद्धा पाठ होतं. पण त्या क्षणी डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी खडू उचलला आणि तोंडाला येईल ते बोलले, "पन्नास राहू दे. आपण पाच करू. आपणच करू. सहा जण पुढं या."

चार मुली, दोन मुलं आली. प्रत्येकाला एकेक आकडा दिला, शून्य ते पाच. नियम सांगितला. शून्य आणि एक यांनी आपापलं उत्तर सरळ सांगायचं. बाकीच्यांनी आपल्या आधीच्या दोघांना विचारायचं, बेरीज करायची आणि ज्यानं विचारलं त्याला सांगायची. सांगितलं की विसरून जायचं. प्रोग्राम असाच विसरतो.

पाचनं चारला विचारलं. चारनं तीनला, तीननं दोनला. दोन म्हणजे एक शिडशिडीत मुलगी होती, तिनं एक आणि शून्यला विचारून उत्तर दिलं, "एक." तीननं मग एकला विचारलं, बेरीज केली, चारला सांगितलं, "दोन." चारला अजून दोनकडून उत्तर हवं होतं. दोन बिचारी पुन्हा एक आणि शून्यकडे वळली. "एक." चारचे झाले तीन. वर्ग आता सरसावून बसला होता. मग पाचला उरलेलं उत्तर तीनकडून हवं होतं. तीननं पुन्हा दोनकडे तोंड केलं, आणि दोन वैतागली.

"मॅडम, आता तिसऱ्यांदा? दर वेळी उत्तर तेच येतंय की!"

तीन झालेला मुलगाही म्हणाला, "मी तर चारला मघाशीच सांगितलंय, दोन म्हणून. परत खाली कशाला विचारायचं? फळ्यावर लिहून ठिवू की."

एक झालेली मुलगी ओरडली, "आणि मला तर सारखं सारखं विचारतायत!"

वर्ग हसला. आणि माझ्या डोक्यात जे गच्च बंद झालं होतं ते उघडलं. हसू नाही आलं, उलट आणखी भीती वाटली, आता हे निसटायला नको. मी फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकट काढली. "ठीक. आता नियम बदलला. उत्तर काढलं की इथं लिहायचं. आणि कुणाला विचारायच्या आधी चौकट बघायची. असेल तर तेच घ्यायचं."

पुन्हा सुरू केलं. दोननं एकदाच बेरीज केली, लिहिली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. तीननं एकदा, चारनं एकदा. पाचला तीनचं उत्तर हवं झालं तेव्हा त्यानं चौकटीत बघितलं, आणि संपलं.

"पाचला हा त्रास," मी म्हणाले, आणि आवाज माझाच आहे की काय असं वाटलं, "तर पन्नासला काय होत असेल? प्रत्येक आकडा खाली दोन प्रश्न पाठवतो, ते आणखी दोन-दोन. मघाशी मशीन बिघडलं नव्हतं. ते तीच उत्तरं कोट्यवधी वेळा पुन्हा काढत होतं."

प्रोग्राममध्ये तेवढाच बदल केला. सुरुवातीला एक रिकामा साठा, पायथॉन या प्रोग्रामच्या भाषेतली डिक्शनरी. फंक्शननं आधी त्यात बघायचं, उत्तर असेल तर परत द्यायचं. नसेल तर काढायचं आणि देण्याआधी साठ्यात ठेवायचं. टाइप करताना दोनदा चुकले. पन्नास टाकले. एंटरवर बोट ठेवलं आणि दाबवेना. पुन्हा पंखा घरघरला तर? मुलं वाट बघत होती. डोळे मिटून दाबलं.

कुणीतरी टाळी वाजवली म्हणून उघडले. १२५८६२६९०२५. माझं बोट अजून एंटरवरच होतं.

मग तज्ज्ञ मॅडम बोलल्या. "पहिला प्रोग्राम चुकीचा होता का?"

"नाही मॅडम. उत्तर बरोबरच दिलं असतं. पण आपला तास संपला असता तरी दिलं नसतं."

"आणि आता या दुसऱ्यात मी पाच हजार टाकले तर?"

सोपं 'हो, येईल' तोंडावर आलं होतं. मी फळ्यावरच्या त्या चौकटीकडे बघितलं. "बहुतेक चालणार नाही. साठा सुरुवातीला रिकामा असतो. पहिलं उत्तर मिळेपर्यंत पाच हजारापासून पार खालपर्यंत एकात एक हाका अडकत जाणार, आणि पायथॉन इतक्या खोल जाऊ देत नाही, मध्येच चूक दाखवून थांबतो. तिथं मी खालून वर मोजत येईन, शून्य, एक, मग पुढं."

त्यांनी फक्त मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. त्यानंतरची मुलाखत मला आठवतच नाही.

बाहेर आले, झाडाकडे गेले. आण्णा उठले. "काय झालं?"

"माहीत नाही, आण्णा. सगळ्यांसमोर प्रोग्राम अडकला."

"मग?"

"मग चालला."

"आन् तू? पळालीस न्हाई न्हवं?"

"नाही."

"मग झालं तर," म्हणाले, आणि स्टँडकडे चालायला लागले.

आठवड्यानं विभागप्रमुखांचा फोन आला. मी अंगणात ज्वारी वाळत घालत होते. नंबर अनोळखी, म्हणून दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा आण्णांनीच उचलून माझ्या कानाला लावला. सोमवारपासून या म्हणाले. मी हो म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर तिथंच ज्वारीच्या कडेला बसले.

भीती गेली असं लिहायला मला आवडलं असतं. सोमवारी सकाळी पुसेगावपर्यंत मी एसटीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून बसले होते, उलटी होईल म्हणून. कॉलेजच्या जिन्यात दोनदा थांबले. वर्गाच्या दारातून पोरांचा गलका ऐकू येत होता. मी आत गेले, गलका थांबला, आणि मी फळ्यावर तारीख लिहायला घेतली.