गोदाक्काचा तान्हा पोळा

वर्ध्याच्या स्टेशनात सुरतेची गाडी हलली तेव्हा माय खिडकीला धरून चार पावलं चालली. डोळे पुसणं, पोटाशी धरणं असलं काही आमच्याकडे नाही. ती एवढंच म्हणाली, "तू तिकडं सात वाजता लाव, मी इकडं लावतो. मंग बोलू." लावायची म्हणजे सिरियल. गावाकडे राहिलेल्यांना हसू येईल, पण माझ्यासारख्या निघून आलेल्यांना कळेल. कुणी देव बांधून देतं, कुणी लोणचं. माझ्या मायनं मला सात वाजताची सिरियल बांधून दिली.

त्या सिरियलचं नाव आज विचाराल तर मला धड आठवत नाही. आमच्या चाळीत तिला सगळ्या 'गिरणीवाली' म्हणायच्या. साताऱ्याकडच्या एका गावात गोदाक्काची पिठाची गिरणी, एकुलता एक मुलगा, तोंडावर गोड असलेली सून आणि गावभर बातम्या वाटणारी सुगंधाकाकू. दळण घेऊन बाया आल्या की अर्धी गोष्ट गिरणीत सुरू व्हायची, पाण्याच्या नळावर तिला पाय फुटायचे आणि शनिवारी कुणीतरी दाराआड उभं राहून नको ते ऐकायचं. तिथेच भाग संपायचा. रविवारी एक तासाचा महाएपिसोड लागला की सगळं उघडं पडायचं. एखादा नट सिरियल सोडून गेला की ते पात्र अचानक 'मुंबईला नोकरीला' लागायचं. सण आधीच शूट करून ठेवलेले असायचे, त्यामुळे आमच्या दिवाळीच्या दिवशी त्यांचीही दिवाळी. मायला हे सगळं पाठ होतं. "आज शनिवार हाय, कोणी ना कोणी ऐकनारच," असं ती फोनवर आधीच सांगायची आणि ते खरं निघायचं.

इथे नवरा पलसाण्याच्या हायवेवर कापड रंगवायच्या डाइंग युनिटमध्ये, मी घरी साड्यांना लेस आणि टिक्क्या लावते. पूर्वी हात चालायचा आणि डोळे टीव्हीवर. मग माझी मुलगी पूर्वा मोठी झाली. तिला मराठी चॅनल नको, हिंदी गाण्यांचं हवं. केबलचा पॅक बदलला आणि गिरणी आमच्या घरातून गेली. मला वाईट वाटलं, पण मी मायला म्हटलं, "तू पाहत जा आणि मला सांगत जा." वर्षभर ती रोज सांगत आली. मीही टिक्क्या लावता लावता ऐकत आले.

आता माझा स्वभाव सांगते. मी संशयी आहे. नवरा म्हणतो, दुधात पाणी नसलं तरी मी चव घेऊन पाहीन. तसंच या पावसाळ्यात मला खटकायला लागलं. मायची गोष्ट रविवारीसुद्धा सांगितली जायची, पण रविवारी काहीच उलगडत नव्हतं. गोदाक्काला मुलानं मागच्या खोलीत हलवलं. तिची चूल वेगळी केली. गावात बोललं जायचं की म्हातारीच भांडकुदळ आहे. आठवड्यावर आठवडे गेले, सुनेचं पितळ काही उघडं पडेना. मी म्हटलं, लेखक बदलला असेल. लेखक बदलला की पात्रांचे स्वभाव बदलतात, हे आम्ही पूर्वीही पाहिलं होतं.

मग पोळा झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माय म्हणाली, "आज तान्ह्या पोळ्याले गोदाक्कानं नातवासाठी लाकडाचा नंदी सजवून ठेवला. खाऊबी आनला. सारे पोट्टे आले, तिचा नातू दारात आलाच नाई. त्याले पाठोलंच नाई."

मी हातातली साडी बाजूला ठेवली.

तान्हा पोळा आमच्या विदर्भातला. मुलं लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरतात ते आमच्याकडे. साताऱ्याकडच्या गावात बैलांचा सण म्हणजे बेंदूर, तोही आषाढात. मागे गिरणीत बेंदूर दाखवला होता तेव्हा हीच माय हसून म्हणाली होती, "पाय वं, याईचा पोळा आपल्या आधी." मग आता गोदाक्काच्या दारात लाकडी नंदी आला कुठून?

मी पूर्वाला बसवलं आणि म्हटलं, मोबाइलवर ही सिरियल शोध. नाव विचारलं तर मला सांगता येईना. मी सांगत गेले, गिरणी, गोदाक्का, बातम्या वाटणारी काकू, बेंदराला सजवलेला पांढरा बैल. ती टाइप करत गेली. सापडल्यावर तिनं मान वर केली. "मम्मी, आ तो बंध थई गई छे." बंद झाली होती. चैत्रातल्या जत्रेत सून गोदाक्काच्या पाया पडली होती, अख्खं गाव नाचलं होतं आणि शेवटचा भाग संपला होता. पाच महिने झाले होते. आता त्या वेळेला दुसरीच कुठलीतरी सिरियल लागते.

मग मला पाच महिने काय सांगितलं जात होतं?

आधी वाटलं, मायचं डोकं तर फिरलं नाही ना. पण तिला माझ्या पूर्वाच्या परीक्षेची तारीख पाठ होती. मग संशय दादावर गेला, माय त्याच्याकडेच राहते. मागची खोली आमच्या माहेरच्या घरातही आहे, सरपण ठेवायची. दादाला फोन केला तर म्हणाला, "माय मजेत आहे, भजनाला गेली." लगेच वहिनीला लावला तर ती म्हणाली, शेजारणीकडे बसलीय. एकाच वेळी दोन ठिकाणी. आमच्या घरातला टीव्ही पुढच्या खोलीत आहे. माय मागच्या खोलीत असेल तर ती सात वाजता काय लावत असेल, हा हिशोब मला तेव्हा जमला: काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मीच फोन लावला. सरळ विचारायची हिंमत नव्हती. सरळ विचारलं असतं तर ती "बरं हाय" म्हणाली असती. म्हणून मी तिच्याच भाषेत शिरले.

"माय, गोदाक्काच्या पोरीला हे सगळं कुणी सांगितलं नाही का?"

सिरियलमधल्या गोदाक्काला मुलगी नव्हती. हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"तिची पोरगी लय दूर हाय," माय हळूच म्हणाली. "तिचा तिले संसार हाय. तिले कायले तरास द्याचा? पन कोनाजवळ तरी बोलाव वाटते नं वं."

मला रडू फुटलं. मी ते लपवलं नाही. पाच महिने मी तिची कर्मकहाणी करमणूक म्हणून ऐकली होती. "मग काय झालं?" असं हसत विचारलं होतं. एकदा तर म्हटलं होतं, या गोदाक्काचीच काहीतरी चूक असेल. ते तिनं ऐकून घेतलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पुढचा भाग सांगितला होता.

परवाचं तिकीट काढलंय. दादाशी काय बोलायचं ते तिथे गेल्यावर बघू. मायला सुरतेला आणायचं की तिची खोली नीट करून द्यायची, हे तीच ठरवेल. इतकी वर्षं मला वाटायचं, घर म्हणजे पुढची खोली, टीव्ही, भिंतीवरचा बाबांचा फोटो. ते मी सोडून आले होते आणि ते तिथेच असणार होतं.

फोन ठेवण्याआधी मी म्हटलं, "माय, पुढच्या भागात ती पोरगी येते."

ती मग म्हणाली, "तिले सांग, पुढच्या दारानं येऊ नको. मांगून ये. चूल तिकडं हाय."