डोळ्यात उमटलेली गोळी

"आजोबा, हृदयाची एखादी गोळी चालू आहे का तुम्हाला?"

वारज्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रावरून नजर न हलवता विचारलं. माझे सासरे यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवून बसले होते. आम्ही आलो होतो साध्या कामासाठी. संध्याकाळी समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती त्यांना रंगीत कडी दिसायला लागली होती. मोतीबिंदू असणार, असं आम्ही घरीच ठरवून टाकलं होतं.

"एखादी नाही, अर्धं दुकान चालू आहे," सासरे म्हणाले.

"अमियोडॅरोन आहे त्यात?"

होती. मी चकित झाले. डोळ्यात बघून पोटात गेलेल्या गोळीचं नाव कसं सांगता येतं? बाईंनी यंत्राचं चित्र पडद्यावर घेतलं आणि मला जवळ बोलावलं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर बारीक तपकिरी रेषा होत्या, एका ठिकाणाहून निघून दोन्ही बाजूंना वळलेल्या. मांजरीच्या मिशा असाव्यात तशा.

"मला दाखवा," सासरे म्हणाले. बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. बराच वेळ ते स्वतःच्या डोळ्याकडे बघत राहिले. "नक्षी बरी आहे," म्हणाले. "धुऊन जाते?"

"गोळी बंद केली तर हळूहळू जाते. पण याच्यासाठी बंद करायची गरज नसते. बहुतेकांच्या डोळ्यात हे साठतं. दिव्यांभोवती कडी दिसतात ती यानेच, बाकी नजरेला सहसा काही होत नाही. अचानक अंधुक दिसायला लागलं, तर मात्र त्याच दिवशी यायचं. क्वचित डोळ्याच्या नसेला सूज येते, ते वेगळं आणि गंभीर." मग त्या माझ्याकडे वळल्या. "थायरॉइड, लिव्हर, छातीचा एक्स-रे कधी केलात शेवटचा?"

मी पिशवीतली फाइल चाळू लागले.

ती गोळी कुठून आली, ते मला पक्कं आठवत होतं. सासरे मंडईजवळ कांदा-बटाट्याचे व्यापारी. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर त्यांचं हृदय थोडं अशक्त झालं, आणि मग ते अनियमित धडधडायला लागलं. "छातीत कबुतर सोडलंय कोणी तरी," असं ते सांगायचे. जिना चढवेना, बोलताना दम लागे. एकदा विजेचा झटका देऊन ठोका ताळ्यावर आणला, तो पुन्हा बिघडला. हृदय अशक्त असताना ठोका सुधारायची दुसरी काही औषधं उलट घातक ठरू शकतात, म्हणून बिबवेवाडीजवळच्या हृदयाच्या डॉक्टरांनी ही गोळी दिली. आधी मोठा डोस, मग कमी करत रोजची एक. काही आठवड्यांत ठोका लयीत आला आणि तसाच राहिला. सासरे पुन्हा सकाळी मंडईत जाऊन लोकांनी निवडलेल्या भाजीला नावं ठेवू लागले. त्या गोळीवर त्यांचा जीव जडला.

पुढे सासूबाई गेल्या. सासरे बिबवेवाडीचं घर बंद करून आमच्याकडे वारज्याला आले. जुने डॉक्टर लांब पडले. औषधवाला जुन्या चिठ्ठीवर गोळ्या देत राहिला आणि आम्ही घेत राहिलो. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, हे तेव्हा सांगितलेलं होतं. पण ज्या गोळीने माणूस उभा राहिला, तिच्यावर लक्ष ठेवायचं असतं हे कुणाच्या डोक्यात राहिलं नाही.

तपासण्या केल्या. एक्स-रे ठीक होता. यकृताचे आकडे किंचित वाढलेले होते. ते वाढत गेले तर डोस कमी करावा लागतो किंवा गोळी सोडावी लागते, पण तेवढ्याने नाही. थायरॉइड मात्र चांगलंच मंदावलं होतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. घरी येऊन त्या औषधाच्या रेणूचं चित्र शोधलं आणि बघतच राहिले. एका कड्याला आयोडीनचे दोन अणू लटकलेले. गोळीतल्या औषधाचा तिसऱ्या भागाहून जास्त वाटा निव्वळ आयोडीनचा. शरीराला रोज लागतं त्याच्या कित्येक पट आयोडीन सुटत राहायचं. थायरॉइडची ग्रंथी आयोडीनवरच चालते; एवढा मारा झाल्यावर कुणाची ग्रंथी काम थांबवते, तर कुणाची उधळते. सासऱ्यांची थांबली होती. मी त्यांना कागदावर तो रेणू काढून दाखवला.

"म्हणजे मी दोन वर्षं आयोडीनचा व्यापार करतोय," ते म्हणाले. "गिऱ्हाईक एकच, तेही आजारी."

पण मला त्या रात्री झोप लागली नाही ती वेगळ्याच कारणाने. सासूबाई गेल्यापासून ते मंद झाले होते. एप्रिलच्या उकाड्यात स्वेटर घालायचे, दुपारभर झोपायचे, प्रश्न विचारला की उत्तर यायला वेळ लागायचा. आम्ही सगळे म्हणत होतो, दुःख आहे, ओसरेल. त्यातलं दुःख किती होतं आणि थायरॉइड किती?

थायरॉइडची गोळी सुरू झाली, आणि हृदयाची तशीच ठेवली. वारज्यात गाठलेल्या हृदयाच्या नव्या डॉक्टरांनी त्यामागचा हिशेब सांगितला, "थायरॉइड कमी पडलं तर ते बाहेरून देता येतं. ठोका बिघडला तर तो तितक्या सहज मिळत नाही. फायदा जास्त आहे तोवर ठेवू. पण रक्त दर सहा महिन्यांनी, एक्स-रे आणि ईसीजी वर्षातून एकदा, आणि खोकला किंवा दम लागला तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. उन्हात जाताना अंग झाकून जा, या गोळीने कातडी लवकर भाजते."

दोन-तीन महिन्यांत स्वेटर कपाटात गेला. सासरे पुन्हा पेपरातल्या चुका शोधू लागले. एका संध्याकाळी ते अचानक सासूबाईंबद्दल बोलायला लागले. त्या चिंचगुळाची आमटी कशी करायच्या, त्यांच्यापुढे कुणाची ब्र काढायची हिंमत नसायची. बोलता बोलता रडले. दीड वर्षात पहिल्यांदा. मला वाटलं, यांचं दुःखसुद्धा थंडीत अडकून पडलं होतं. हे शास्त्रात बसतं की नाही, मला ठाऊक नाही.

पुढच्या हिवाळ्यात मला एक विचित्र गोष्ट दिसली. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट असूनही सासरे हट्टाने जिना चढायचे. आता ते पहिल्या मजल्यावर थांबून सोसायटीची सूचना वाचत उभे राहू लागले. रोज.

"बाबा, ती पाण्याच्या टाकीची सूचना आहे. मागच्या महिन्यातली."

"मराठी किती भिकार लिहिलंय ते बघतोय."

त्यांचे खांदे वरखाली होत होते. थोड्या वेळाने त्यांना खोकला आला, कोरडा, आणि लवकर थांबेना.

"हा कधीपासून?"

"धूळ आहे. सगळं शहर खणून ठेवलंय."

"बाबा, कधीपासून?"

त्यांनी कठड्याला हात धरला. "दिवाळीपासून. तुला सांगितलं असतं, तर तू डॉक्टरला सांगितलं असतंस. त्याने गोळी काढून घेतली असती. तुला माहीत नाही, सूनबाई, छातीत ते फडफडायला लागलं की काय होतं. मी आता मरणाला भीत नाही. त्या फडफडण्याला भितो."

मला रागवायचं होतं, पण मी आधी डॉक्टरांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात होतो.

आधी हृदयामुळे फुप्फुसात पाणी साचलंय का, जंतुसंसर्ग आहे का, हे तपासलं. दोन्ही नव्हतं. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत धुरकट ठिगळं होती. काचेच्या पेटीत बसवून एक श्वासाची तपासणी केली. फुप्फुसातून रक्तात हवा किती जाते, ते त्यात मोजतात. ते प्रमाण खाली आलं होतं. फुप्फुसांच्या डॉक्टरांनी आणि हृदयाच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून सांगितलं की या गोळीनेच हे झालं असावं आणि ती आजपासून बंद.

सासरे हट्टी मुलासारखे बसले होते. "बंद केली की उद्या ठोका जाईल."

"नाही जाणार," हृदयाचे डॉक्टर म्हणाले. "ही गोळी शरीरातल्या चरबीत साठते. आज बंद केली तरी बाहेर पडायला महिने लागतात. तोवर तिचा आधार थोडाफार राहतो."

सासऱ्यांचे डोळे चमकले. "आणि त्रास?"

"तोही तेवढाच रेंगाळतो. म्हणून स्टेरॉइड देतोय, तेही हळूहळू कमी करत. आणखी दोन महिने थांबला असता तर फुप्फुसं कायमची कडक झाली असती कदाचित."

परतताना रिक्षात ते वारज्याच्या पुलाखाली म्हणाले, "उपकार करायचे आणि वर घरातच मुक्काम ठोकायचा. पाहुणा फार झाला हा." पण आवाजात रागापेक्षा नवल जास्त होतं. घरी आल्यावर त्यांनी मला पुन्हा तो रेणू काढायला लावला आणि चरबीत नेमका कुठला भाग विरघळतो, ते समजावून घेतलं.

उन्हाळ्यापर्यंत खोकला गेला. स्टेरॉइडने तोंड सुजलं, साखर वाढली, ते सगळं सांभाळावं लागलं. पुढच्या स्कॅनमध्ये ठिगळं बरीच विरली. थोडे व्रण राहिले. ठोका पावसाळाभर लयीत राहिला. गणपती उठल्यावर एके सकाळी चहा घेताना त्यांनी कप खाली ठेवला आणि मनगट धरलं.

"आलं परत," म्हणाले.

मी घाबरले. ते घाबरले नव्हते, किंवा त्यांनी दाखवलं नाही. डॉक्टरांनी ठोक्याचा वेग आवरणारी गोळी दिली. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी आधीपासून होतीच, ती आता कायमची. लय परत आणायचा नाद त्यांनी सोडून दिला. हृदय अनियमित चालतं, पण धावत नाही. जिना चढत नाहीत, लिफ्टने येतात.

परवा तपासणीला गेलो, तेव्हा शेजारी एक बाई आणि त्यांचे यजमान बसले होते. नवऱ्याला हीच गोळी नुकतीच लिहून दिली होती. मोबाइलवर तिचे दुष्परिणाम वाचून त्या रडवेल्या झाल्या होत्या. "घ्यावी की नाही हो?" त्यांनी उगाच सगळ्यांना विचारलं.

सासऱ्यांनी चष्मा काढला. "डॉक्टरने दिलीये ना? मग घ्या. मला हिने मंडई परत दिली, दोन-तीन वर्षं ठोका लयीत ठेवला. मनाने बंद करू नका. फक्त रक्ताच्या तपासण्या चुकवू नका." मग ते त्या गृहस्थांकडे वाकून म्हणाले, "आणि खोकला आला, तर बायकोला सांगा. जिन्यात उभं राहून वाचण्यासारखं काही नसतं."

ते गृहस्थ गोंधळून हसले. आमचा नंबर आला होता.