वडिलांकडून आलेला एक्स

पहिल्या वर्षाच्या मेडिकलच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले. मुलं दरवर्षी तीच असतात आणि शंकाही त्याच. रंगदृष्टीच्या तासाला एक जण हमखास उठून विचारतो, "मॅडम, दोन्ही थिअरींपैकी खरी कुठली?" जसा काही मी निवडणुकीचा निकाल जाहीर करणार आहे.

मी सांगते, दोन्ही खऱ्या, फक्त मजले वेगळे. डोळ्याच्या पडद्यावर तीन जातींच्या शंकूपेशी असतात. एकीला लांब लहरी जास्त भावतात, दुसरीला मधल्या, तिसरीला आखूड. तिघींच्या कमीजास्त प्रतिसादातून सगळे रंग. हा तळमजला. वरच्या मजल्यावर त्यांचे संदेश जोड्यांनी तोलले जातात: लाल विरुद्ध हिरवा, निळा विरुद्ध पिवळा. म्हणून निळसर हिरवा दिसतो, पण लालसर हिरवा कुणी पाहिलेला नसतो. लाल चौकोनाकडे टक लावून मग पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की हिरवट चौकोन तरंगतो. एवढं कळलं की मुलं गप्प बसतात, निदान त्या दिवसापुरती.

त्या वर्षी पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. वारज्याहून स्कूटीवर यायची. वडिलांचं शनिवार पेठेत रंगाचं दुकान, भिंतीच्या रंगाचं. फार हुशार, आणि ते तिला माहीत असलेली. लाल-हिरव्या रंगांधत्वाचा वारसा मी तिलाच फळ्यावर मांडायला लावला. तिनं झकास मांडला. दोष एक्स गुणसूत्रावर. मुलाला एकच एक्स, तो आईकडून. तो सदोष असला की संपलं. मुलीला दोन, एक चांगला असला की ती निभावून नेते, फक्त वाहक होते. "आणि मुलगीच रंगांध असली तर?" मी विचारलं. "तर दोन्ही एक्स सदोष. म्हणजे आई निदान वाहक, आणि वडील रंगांध असलेच पाहिजेत," ती म्हणाली आणि हात झटकून जागेवर बसली.

त्याच आठवड्यात प्रॅक्टिकल होतं. ठिपक्यांच्या चकत्यांचं पुस्तक, खिडकीचा उजेड, जोडीजोडीनं एकमेकांना तपासायचं. तिच्या जोडीदारणीनं चकती धरली. सगळ्यांना चौऱ्याहत्तर दिसतात ती. ही म्हणाली, "एकवीस." जोडीदारीण हसली, तिला थट्टा वाटली. पुढच्या चकतीला ही म्हणाली, इथे तर आकडाच नाहीये. मग जोडीदारीण हसायची थांबली. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, मग तुझे बाबा पण असणार." हिनं पटकन मागे वळून सांगितलं, "माझे बाबा रंग विकतात." आणि मग तिचा चेहरा जो उतरला, तो मला लांबून दिसला. वडील रंगांध असलेच पाहिजेत, हे स्वतःच फळ्यापाशी सांगितलेलं तिला आठवलं असणार.

त्यानंतर ती वर्गात यायची, पण असून नसल्यासारखी. शेवटी अंधाराला सरावण्याचं प्रॅक्टिकल आलं. आमच्या विभागात एक काळी खोली आहे. त्यात एकेकाला बसवायचं आणि किती मंद दिवा दिसायला लागतो ते मोजायचं. तिच्या पाळीला मी स्वतः आत बसले. पहिली काही मिनिटं शंकूपेशी आपलं बळ वापरून घेतात आणि थांबतात. मग मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी हळूहळू जाग्या होतात. पूर्ण सराव व्हायला अर्धा तास तरी लागतो, आणि तेवढा वेळ दोघींना काही काम नसतं.

अंधारात ती बोलली. "मॅडम, अपवाद असतात का?"

"असतात. फार क्वचित."

"म्हणजे नसतात." मग तिची खुर्ची करकरली. "मी आईशी बोलत नाहीये. ती डबा देते, मी घेते. ती विचारते काय झालं, मी सांगते अभ्यास आहे. तिच्याकडे बघवतच नाही मला."

एवढीशी पोर, आणि चकतीवरच्या दोन आकड्यांवरून आईचा निवाडा करून बसलेली. राग आला, खोटं कशाला सांगू. पण तिला दटावून काय होणार होतं? नियम मीच शिकवला होता आणि नियम बरोबर होता.

"दुकानात रंग कोण मिसळतं?" मी विचारलं.

"मशीन. बाबा कोड टाकतात. शेडकार्डावर नंबर असतो."

"आणि गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा घेऊन आलं, असाच हवा म्हणालं, तर?"

"ते आई बघते. बाबा म्हणतात, त्यातलं बायकांना जास्त कळतं."

"बाबांनी पोपडा जुळवलेला तू कधी पाहिलायस?"

मंद दिवा तिला वेळेवर दिसला, अगदी नियमाप्रमाणे. तिच्या दंडपेशींत काही खोट नव्हती.

"शनिवारी बाबांना घेऊन ये," मी म्हटलं.

शनिवारी आई-वडील दोघंही आले. मॅडमनी बोलावलंय म्हणजे हजेरी कमी भरली असणार, अशा तयारीनं वडील आले होते, आल्या आल्या म्हणाले, "अहो, ट्रॅफिकमुळे उशीर होतो हो तिला." आईनं टेबलावरचं पुस्तक पाहिलं आणि ती तिथेच थबकली. तिनं ते ओळखलं. तिचे स्वतःचे वडील याच पुस्तकापायी रेल्वेच्या नोकरीतून परत पाठवले गेले होते, हे तिनं मला नंतर सांगितलं. नवऱ्याचं तिला लग्नानंतर पहिल्या भाजीलाच कळलं होतं, लाल टोमॅटो आण म्हटलं तर तो दाबून दाबून बघत बसला तेव्हा.

मी काहीच आडवळण घेतलं नाही. म्हटलं, "मुलीला लाल-हिरव्याचा फरक नीट कळत नाही. तुमची तपासणी करायची आहे."

"मुलीला?" आई म्हणाली. "हे मुलग्यांनाच होतं ना? मी तर मुलगी झाली म्हणून सुटले समजत होते."

वडिलांनी पुस्तकाकडे पाहिलंच नाही. "मॅडम, पेठेत लहानसं दुकान आहे आमचं. हे बाहेर गेलं तर माझ्याकडून रंग कोण घेईल?"

मुलगी खाली मान घालून बसली होती. ओढणीचं टोक तिनं बोटाला इतकं आवळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. आईनं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग परत तिच्याकडे. इतके दिवस घरात काय चाललं होतं ते तिला त्या क्षणी कळलं, मला दिसलं ते. मला वाटलं, आता ही उठून जाणार.

ती नवऱ्याला म्हणाली, "वाचा."

"अगं, पण दुकान..."

"वाचा म्हणते ना."

मी चकती हातभर अंतरावर धरली. त्यांनी डोळे बारीक केले, मान तिरपी केली आणि चोरी पकडली गेल्यासारखं ते पुटपुटले, "एकवीस."

मुलगी रडायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत. वडील घाबरले. "अगं, एवढं काय त्यात? माझं काही अडलं का आजवर?" ते तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिनं मात्र आईचा हात धरला.

आईनं हात सोडवला नाही. फक्त हळूच म्हणाली, "मला विचारायचंस ना."

"काय विचारायचं?" वडिलांनी आम्हा तिघींकडे आळीपाळीनं पाहिलं.

"काही नाही हो," ती म्हणाली. "रंगाचंच."