दादाच्या पत्रातली पाचवी पायरी

दादाने जर्मनीहून पाठवलेलं पत्र दोन पानांचं होतं आणि त्यात अकरा पायऱ्या होत्या. नवा टीव्ही त्यानेच ऑनलाइन मागवून घरी पाठवला होता. त्याचा रिमोट आई-पप्पांना जमेना. दोनदा त्याने फोनवर समजावलं. तिसऱ्यांदा पप्पा म्हणाले, "तोंडी नको. लिहून पाठव."

पप्पांनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये, नोकरीची सगळी वर्षं काढली. तिथे त्यांच्या पाळीत पॅनलवरचं मोठं काम लेखी सूचनेशिवाय होत नसे. एकाने पायरी वाचायची, दुसऱ्याने ती मोठ्याने परत म्हणायची, बटण दाबायचं आणि "झालं" म्हणायचं. "झालं" ऐकल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही. काही अडलं तर तिथेच थांबायचं आणि सूचना काढणाऱ्याला कळवायचं. आपल्या मनाने दुरुस्ती करायची नाही. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी हे त्यांच्या अंगातून गेलेलं नाही.

पत्र माझ्या फोनवर आलं. पप्पांनी नाशिकरोडला झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्याची मोठ्या अक्षरातली प्रत काढली, लॅमिनेट केली आणि टीव्हीशेजारी खिळ्याला टांगली.

पत्र चांगलं लिहिलं होतं, हे मला मान्य करावं लागतं. पहिली पायरी: टीव्हीच्या रिमोटचं सगळ्यात वरचं लाल बटण एकदाच दाबा, दाबून धरू नका. दुसरी: चित्र यायला अर्धा मिनिट लागेल, तोवर काही दाबू नका. तिसरी: आता सेट टॉप बॉक्सचा लांब रिमोट घ्या आणि त्याचंही लाल बटण दाबा. चौथी: परत टीव्हीचा रिमोट घ्या, चौकोनात शिरणाऱ्या बाणाचं बटण दाबा, पडद्यावर यादी येईल. पाचवी: खालच्या बाणाने 'एचडीएमआय १' वर या आणि मधलं गोल बटण दाबा, चॅनल दिसेल. पुढच्या सहा पायऱ्या आवाज, चॅनल बदलणं आणि टीव्ही बंद करणं यांच्या. आणि शेवटी: बाकी कशालाही हात लावू नका, सेटिंग बिघडेल.

आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ होती. "तिला करायला सांगू नका. ती स्वतः करून मोकळी होईल आणि तुम्ही शिकणार नाही."

ती म्हणजे मी. दादा गेल्यापासून सहा वर्षं आईच्या शुगरच्या तपासण्या, गॅसचा नंबर, पप्पांच्या पेन्शनसाठी दरवर्षीचा हयातीचा दाखला, हे सगळं करणारी. अकरा पायऱ्यांच्या पत्रात मला एक सर्वनाम मिळालं होतं.

पाचवी पायरी चुकीची होती. टीव्ही बसवायला आलेल्या माणसाला टीव्हीमागच्या पहिल्या, 'एचडीएमआय १'च्या खाचेत वायर घालता येईना, ती भिंतीला अगदी चिकटून होती. म्हणून त्याने सेट टॉप बॉक्सची वायर दुसऱ्या खाचेत घातली. मी बॅटरी धरून त्याच्या शेजारी उभी होते. आई-पप्पा सकाळी फिरायला गेले की मी 'एचडीएमआय २' लावून बातम्या बघायचे. दादाने टीव्हीचं माहितीपत्रक तिकडे बसून वाचलं आणि एक नंबर गृहीत धरला.

मी सांगितलं नाही.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. पप्पांच्या युनियनची पत्रकं आमच्या घरी घडी घालायला यायची, वाचायला मी त्यांच्यावरूनच शिकले. आता सातपूरच्या कंत्राटी कामगारांसाठी मी स्वतः पत्रकं लिहिते. माझ्या पत्रकात दोषी कोण हे पहिल्या ओळीत असतं. मला दादाला सगळ्यांसमोर चुकताना बघायचं होतं. रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. तेव्हा त्याच्या डोळ्यांदेखत त्याची पायरी फसेल, एवढ्यासाठी मी आठवडाभर गप्प राहिले.

त्या आठवड्यात रोज संध्याकाळी आई चष्मा लावून पत्र वाचायची, पप्पा तिच्यामागून म्हणायचे, बटण दाबायचे, "झालं." पाचव्या पायरीला पडद्यावर 'नो सिग्नल' यायचं. पप्पा थांबायचे. टीव्ही बंद करायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

"अहो, दोनवर नेऊन बघा ना एकदा," आई एकदा म्हणाली.

"कागदावर एक लिहिलंय. माझंच काहीतरी निसटतंय मधे. ते सापडल्याशिवाय त्याला काय कळवायचं?"

त्याच महिन्यात ते दोनदा पाण्याची मोटर बंद करायला विसरले होते आणि गच्चीवरची टाकी वाहिली होती. आईने ते दादाला सांगितलं होतं. पप्पांना ते माहीत होतं. चौथ्या दिवसापासून ते चष्मा, किल्ल्या, औषधाची पट्टी जागेवर आहे का हे उठून बघायला लागले. मला ते दिसत होतं. मी रविवारची वाट बघत होते.

रविवारी आईने फोन डब्याला टेकवून उभा केला. दादा म्हणाला, "पप्पा, माझ्यासमोर करा, मी बघतो." आईने वाचलं, पप्पांनी केलं. पाचव्या पायरीला पडदा निळा झाला आणि 'नो सिग्नल' आलं.

मला वाटलं, आता.

 दादा पप्पांना सोडून आईशी बोलायला लागला, पप्पा तिथे नसल्यासारखा. "आई, हे साधं आहे गं. अकरा ओळी फॉलो होत नाहीयेत. ते मोटरचं पण तू सांगत होतीस. मेमरीची टेस्ट करून घ्या त्यांची, मी इथून अपॉइंटमेंट घेतो."

पप्पांनी रिमोट दोन्ही हातांनी टीपॉयवर ठेवला. म्हणाले, "हो, घे. मलाही वाटतंय तसं. तू तर व्यवस्थित लिहिलंयस."

"वायर दोन नंबरला आहे," मी म्हणाले. उठून रिमोट घेतला, यादीत एक पायरी खाली गेले, गोल बटण दाबलं. बातम्या सुरू झाल्या.

दादा हसला. "मग आधी बोलायचं ना, येडे." त्याला कुठे जायचं होतं, की जेवायचं होतं, त्याने कॉल संपवला. चूक त्याची होती हे त्याच्या गावीही नव्हतं.

पप्पांनी आवाज बंद केला. पडद्यावर माणसं तोंडं हलवत होती.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"बसवला त्या दिवसापासून."

"मी रोज करत होतो तेव्हा तू इथेच बसलेली असायचीस."

मी दादाबद्दल बोलायला लागले. तो सहा वर्षांत दोनदा आला, लांबून सूचना काढतो, मशीन समोर नसताना लिहितो, माझं पत्रात काय केलंय बघा. मुद्दे सगळे बरोबर होते, आजही बरोबर आहेत. पप्पांनी मधे तोडलं नाही. मी थांबल्यावर ते म्हणाले, "त्याला माहीत नव्हतं. तुला होतं."

आई म्हणाली, आता कशाला तो डॉक्टर, वायरचंच होतं ना सगळं. पप्पा म्हणाले, वायरचं होतं, पण मोटरचं काय. सात दिवसांत त्यांनी स्वतःवर संशय घ्यायला शिकून घेतलं होतं आणि वायरीचा नंबर कळून तो जाण्यातला नव्हता. दादाने खरोखरच अपॉइंटमेंट घेतली, गुरुवारची.

गुरुवारी मी सुट्टी टाकली आणि चप्पल घालून दारात उभी राहिले. पप्पा शर्टाची बटणं लावत बाहेर आले.

"तू नको," ते म्हणाले. "डॉक्टर बरोबरच्या माणसाला विचारतात, हे काय काय विसरतात म्हणून. खरं सांगणारं माणूस पाहिजे बरोबर."

आई पर्स घेऊन त्यांच्यामागून जिना उतरली. कोपऱ्यावर त्यांनी रिक्षा थांबवली. मी गॅलरीत होते. दोघांपैकी कुणी वर बघितलं नाही.