तिघांना सांगता येईल असे एक वाक्य

निवृत्तीनंतर मी मुलींना शाळेसाठी सायकली देणाऱ्या एका संस्थेचे प्रसिद्धीचे काम पाहू लागले. देणगीदारांना आम्ही ‘निराधार मुली’ असे लिहीत असू, स्वयंसेवक ‘महिला सबलीकरण’ म्हणत, आणि गावाला आम्ही फुकट सायकली वाटणारे वाटत असू. नवे देणगीपत्र छापण्यापूर्वी ते धामणगाव बढे या गावच्या पालकसभेत वाचावे, असे मी चाचरत सुचवले, आणि वाचण्याचे काम माझ्याच गळ्यात पडले.

“निराधार? काऊन मॅडम, मी मेली का?” एक आई कडाडली. सभा खळखळून हसली. माझे कान तापले. पण त्याच क्षणी उमगले, की जे हिच्यासमोर म्हणता येत नाही, ते देणगीदारालाही लिहू नये. तिथेच मी नवे वाक्य जुळवून वाचले: ‘शाळा दूर आहे म्हणून मुलीचे शिक्षण थांबू नये.’

“हाव, हे बराबर हाये,” ती म्हणाली.

पुढे एक देणगीदार गावच्या पालकसभेला आले. त्यांनी नेमके त्या आईलाच विचारले, “संस्था काय करते?”

“शाळा दूर हाये म्हून पोरीचं शिक्षण थांबू देत नाई.”

“येताना गाडीत तुमचा स्वयंसेवकही हेच सांगत होता,” ते माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि पत्रातही हेच होते.”

भर सभेत मी टाळी वाजवली, एकटीनेच.